कंपनीच्या मेलला कंडिशनल ॲक्सेस लावताना: पायलट गटापासून सर्वांपर्यंत

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कंपनीत मी आयटी विभाग सांभाळतो. आमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइनवर आहे आणि मेलपेट्या दीडशेच्या आसपास आहेत. २०२५ च्या मे महिन्यात एका परदेशी ग्राहकाकडून माहिती-सुरक्षेची प्रश्नावली आली. तिच्यात दोन प्रश्न असे होते की त्यांना प्रामाणिकपणे 'होय' म्हणता येत नव्हते. पहिला प्रश्न होता, केवळ नाव आणि पासवर्डवर चालणारे जुने मेल-प्रोटोकॉल बंद आहेत का? दुसरा, कंपनीच्या नियंत्रणात नसलेल्या संगणकावर किंवा फोनवर मेल उघडणे अडवलेले आहे का? दोन्हींची उत्तरे बदलायची तर कंडिशनल ॲक्सेस, म्हणजे साइन-इन करणारा ठरवलेल्या अटींत बसला तरच त्याला आत घेणारी मायक्रोसॉफ्टची सोय, हा मार्ग होता. ते काम नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाले. आमच्यासारख्याच आकाराच्या कंपनीत हे काम एकट्याने हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

जून महिना मुख्यतः परवान्यांत गेला. कंडिशनल ॲक्सेससाठी एंट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या खाते-व्यवस्थेचा पी-१ परवाना लागतो आणि उपकरण नियमांत बसते की नाही हे ठरवण्यासाठी इंट्यून ही उपकरणे सांभाळणारी सेवा लागते. ही दोन्ही 'बिझनेस प्रीमियम' या योजनेत एकत्र मिळतात आणि ती योजना ३०० वापरकर्त्यांपर्यंत घेता येते. आमच्याकडे त्याहून स्वस्त योजना होती, त्यामुळे दरमहा दरडोई फरकाची मंजुरी घ्यावी लागली. संचालकांसमोर टिपण ठेवताना मी परवान्यांचा फरक आणि एकदाच होणारा खर्च वेगवेगळा दाखवला, आणि त्याचा उपयोग झाला. एकदाच होणाऱ्या खर्चात पासवर्डऐवजी साइन-इनसाठी वापरायच्या दोन फिडो-२ सुरक्षा-किल्ल्या होत्या आणि विंडोज होम असलेल्या काही लॅपटॉपसाठी विंडोज प्रोचे परवाने होते. होम आवृत्तीचा संगणक एंट्राला 'जॉइन' करता येत नाही, आणि दुकानातून तयार घेतलेले लॅपटॉप बहुधा होमचेच असतात. ही यादी आधी करून ठेवावी, नाहीतर नेमका पायलटच्या, म्हणजे मोजक्या माणसांवरच्या चाचणीच्या, मध्यावर पुन्हा मंजुरीचा कागद फिरवावा लागतो.

परवाने लागताच पहिल्याच दिवशी मी साइन-इनची नोंदवही उघडली. पी-१ परवान्यावर ही नोंद ३० दिवस टिकते आणि मोफत योजनेत केवळ ७ दिवस. महिनाअखेरीलाच चालणारी यंत्रणा शोधायची असेल, तर ३० दिवसांची नोंद हाती असणे आवश्यक आहे. नोंदवहीत 'Client app' या रकान्यावर गाळणी लावली की जुन्या पद्धतीने येणारे वेगळे दिसतात. ही गाळणी परस्परसंवादी साइन-इन आणि पार्श्वभूमीवर होणारे साइन-इन अशा दोन्ही पानांवर लावावी लागते, कारण जुने प्रोटोकॉल दोन्हीकडे विखुरलेले असतात.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्सचेंज ऑनलाइनवरील पॉप, आयमॅप, ॲक्टिव्हसिंक इत्यादींचे केवळ पासवर्डवर चालणारे प्रमाणीकरण बंद करण्यास सुरुवात केली होती. त्या यादीत एसएमटीपी, म्हणजे उपकरणाने स्वतः लॉगिन करून मेल पाठवण्याची सोय, नव्हती. त्यामुळे आमच्या नोंदवहीत यशस्वी जुने साइन-इन जवळपास सगळे 'Authenticated SMTP' या एकाच नावाखाली होते. त्यात स्कॅन करून मेल पाठवणारे मल्टिफंक्शन प्रिंटर होते, ग्राहकांना बीजके पाठवणारे जुने ईआरपी होते, आणि गेटवरील हजेरीयंत्र रोज सकाळी अहवाल पाठवत असे, हे तर कोणाच्या लक्षातही नव्हते. आमच्या टेनंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, 'सिक्युरिटी डीफॉल्ट्स' हा तयार सुरक्षा-नियमांचा सर्वसाधारण संच पूर्वीच कोणीतरी बंद करून ठेवलेला होता. त्याचे कारणही येथेच उलगडले, कारण तो संच जुने प्रमाणीकरण अडवतो आणि तो चालू ठेवला असता तर प्रिंटर थांबले असते. कंडिशनल ॲक्सेसचे नियम चालू करण्यासाठी तो संच बंदच असावा लागतो. म्हणून ज्यांच्याकडे तो चालू आहे त्यांनी तो काढण्यापूर्वी दुहेरी पडताळणीचा नियम स्वतंत्रपणे तयार ठेवावा.

जुलैमध्ये या यंत्रांची पर्यायी व्यवस्था केली. आमच्याकडे लीज्ड लाइनचा स्थिर आयपी पत्ता असल्यामुळे एक्सचेंज ऑनलाइनमध्ये त्या पत्त्यावर ओळखला जाणारा कनेक्टर उभा करता आला. प्रिंटर आणि ईआरपी आता पासवर्डविना, पोर्ट २५ वरून त्या कनेक्टरमार्फत मेल पाठवतात. त्यासाठी आमच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्या यादीत, तो आयपी घालावा लागला आणि फायरवॉलवर केवळ या ठरावीक यंत्रांनाच पोर्ट २५ ने बाहेर जाण्याची मुभा दिली. ही दुसरी गोष्ट वगळू नये, कारण कनेक्टर केवळ आयपी पाहतो आणि त्या आयपीच्या मागे बसलेला कोणताही संगणक तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो. साध्या ब्रॉडबँडवर मात्र ही सोय बहुधा होत नाही, कारण आयपी बदलत राहतो आणि अनेक जोडण्यांवर पोर्ट २५ बंदच असते. हजेरीयंत्रात पोर्ट बदलण्याची सोयच नव्हती, म्हणून त्याच्या एका मेलपेटीपुरती एसएमटीपीची परवानगी तात्पुरती ठेवली आणि बाकी सगळ्यांसाठी ती बंद केली.

```
Set-TransportConfig -SmtpClientAuthenticationDisabled $true
Set-CASMailbox -Identity hajeri@example.com -SmtpClientAuthenticationDisabled $false
```

पहिली ओळ संपूर्ण संस्थेसाठी आहे, दुसरी एका पेटीचा अपवाद आहे, आणि पेटीवरची मांडणी संस्थेच्या मांडणीपेक्षा वरचढ ठरते. हे काम कंडिशनल ॲक्सेसच्या बाहेरचे आहे, पण ते आधी झाल्याशिवाय पुढचा नियम चालू करणे म्हणजे बीजके अडवणे होते.

त्यानंतर आपत्कालीन खाती केली. आपणच लिहिलेल्या नियमाने आपणच बाहेर अडकलो तर आत येण्यासाठी दोन प्रशासक खाती `onmicrosoft.com` या मूळ डोमेनवर ठेवली, प्रत्येकाला एक फिडो-२ किल्ली जोडली आणि दोन्ही खाती एका गटात घालून तो गट प्रत्येक नियमातून वगळला. एक किल्ली कंपनीच्या तिजोरीत आहे आणि दुसरी संचालकांकडे. दोन्ही किल्ल्यांनी प्रत्यक्ष साइन-इन करून पाहिल्यावरच पुढे सरकलो.

आता नियमांची रचना. सुरुवातीला एकाच नियमात सगळे बसवावे असे वाटते, पण मी दोन वेगळे नियम केले, कारण दोन्हींचा वेग वेगळा असतो. जुने प्रोटोकॉल अडवणाऱ्या नियमाचा सामान्य माणसाला पत्ताही लागत नाही, तर उपकरणाची अट प्रत्येकाच्या टेबलापर्यंत आणि खिशातल्या फोनपर्यंत पोहोचते.

पहिल्या नियमात सर्व सेवा निवडल्या, 'Client apps' या अटीत 'Exchange ActiveSync clients' आणि 'Other clients' या दोनच खुणा केल्या आणि निर्णय 'Block' ठेवला. या नियमाची एक मर्यादा समजून घ्यावी. तो प्रमाणीकरणाची जुनी पद्धत अडवतो, प्रोटोकॉल नव्हे. थंडरबर्डसारखा प्रोग्राम आयमॅपच वापरतो, पण पासवर्डऐवजी आधुनिक साइन-इनमधून मिळालेले टोकन घेऊन आला तर त्याची गणना आधुनिक प्रोग्रामांत होते आणि हा नियम त्याला हातही लावत नाही. म्हणून पॉप आणि आयमॅप मी मेलपेट्यांवरच बंद केले.

दुसरी मर्यादा अशी की कंडिशनल ॲक्सेसचा विचार पासवर्ड तपासून झाल्यानंतर होतो. त्यामुळे नोंदवहीत अपयशी साइन-इन दिसले की त्याचा क्रमांक पाहावा. `50126` असेल तर पासवर्डच चुकीचा होता. `53003` असेल तर कंडिशनल ॲक्सेसने अडवले आहे, म्हणजे पासवर्ड बरोबर होता. परदेशी आयपीवरून 'Authenticated SMTP' आणि त्यापुढे `53003` असे दिसले, तर दार बंद असले तरी किल्ली चोराच्या हाती आहे असे समजावे. पायलटच्या काळात एका खात्यावर आम्हाला नेमके असे दिसले आणि त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलला. तोवर त्या माणसाला कशाचीच कल्पना नव्हती.

दुसऱ्या नियमात लक्ष्य 'Office 365 Exchange Online', प्रोग्राम म्हणून ब्राउझर आणि मोबाइल-डेस्कटॉप ॲप, आणि अट 'Require device to be marked as compliant' अशी मांडणी केली. लक्ष्य मेलपुरतेच असले तरी टीम्समधले कॅलेंडर एक्सचेंजवर उभे आहे, त्यामुळे हा नियम टीम्समध्येही जाणवतो. पायलट गटाला हे आधी सांगून ठेवले.

'कम्प्लायंट' म्हणजे नक्की काय, हे इंट्यूनमध्ये आपणच ठरवायचे असते. आमचा निकष मुद्दाम लहान ठेवला. विंडोजसाठी बिटलॉकर हे डिस्कचे एन्क्रिप्शन, चालू अँटिव्हायरस, फायरवॉल आणि ठरावीक किमान आवृत्ती. फोनसाठी पिन, किमान आवृत्ती आणि रूट किंवा जेलब्रेक नसणे. एक मांडणी मात्र आवर्जून बदलावी लागते. ज्या उपकरणाला कोणतेच अनुपालन-धोरण लागलेले नाही, त्याला इंट्यून मुळात 'Compliant' समजते. ते 'Not compliant' केले नाही, तर नुसती नोंदणी केलेला कोणताही संगणक आत येतो आणि सगळी इमारत पोकळ राहते.

आयफोनसाठी ॲपलचे पुश प्रमाणपत्र लागते. ते मोफत मिळते, पण त्याची मुदत एक वर्षाची असते आणि नूतनीकरण त्याच ॲपल खात्यातून करावे लागते. म्हणून ते कोणाच्या वैयक्तिक ॲपल खात्यातून काढू नये. आम्ही त्यासाठी विभागाच्या सामाईक पत्त्यावर वेगळे खाते उघडले.

ऑगस्टमध्ये दोन्ही नियम 'Report-only' अवस्थेत सोडले. या अवस्थेत कोणालाही अडवले जात नाही, पण नियम चालू असता तर काय झाले असते याची नोंद होत राहते. उपकरणाची अट असलेला नियम या अवस्थेत असतानाही अँड्रॉइड, आयफोन आणि मॅकवर वापरकर्त्याला प्रमाणपत्र निवडण्याची खिडकी दिसू शकते. ती पाहून लोक घाबरून फोन करतात. म्हणून या टप्प्यात दुसरा नियम मी केवळ विंडोजपुरता ठेवला.

पायलट गट कसा निवडावा, यावर मी बराच विचार केला. आयटीतली माणसे आणि उत्साही तरुण निवडणे सोपे असते, पण त्यातून काहीच कळत नाही, कारण त्यांची यंत्रे एकसारखी आणि अद्ययावत असतात. मी माणसे न पाहता मेल उघडण्याच्या तऱ्हा पाहिल्या. लेखा विभागातून डेस्कटॉपवर आउटलुक वापरणाऱ्या मॅडम घेतल्या, खरेदीतून दिवसभर क्रोममध्ये मेल पाहणारे गृहस्थ घेतले, विक्रीतून अँड्रॉइड आणि लॅपटॉप घेऊन फिरणारे दोघे, आयफोनच्या मूळ मेल ॲपवर असलेले उत्पादन व्यवस्थापक आणि एक मॅक वापरणारा डिझायनर. पंधरा-सोळा माणसांत कंपनीतली बहुतेक प्रत्येक तऱ्हा आली. तारखाही जपून घेतल्या. ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे असतात, म्हणून त्यांच्या आसपास लेखा विभागाला हात लावला नाही, आणि गणेशोत्सव संपेपर्यंत काहीही चालू केले नाही, कारण सुटीवर गेलेल्या माणसाच्या फोनवर मेल थांबले तर त्याला मदत करायला कार्यालयातही कोणी नसते.

आमच्याकडे स्वतःचा डोमेन सर्व्हर नव्हता आणि संगणक सुटे होते. त्यांना एंट्राला जोडले की विंडोजवर त्या माणसाचे नवे प्रोफाइल तयार होते आणि जुन्या डेस्कटॉपवरच्या फायली, ब्राउझरच्या खुणा, टॅलीचे शॉर्टकट असे सगळे हलवावे लागते. एका संगणकाला अर्धा दिवस धरावा. सगळ्यात जास्त वेळ येथेच गेला आणि कोणत्याही मार्गदर्शिकेत हा भाग एका ओळीत आटोपलेला असतो.

फोनच्या बाबतीत अडचण तांत्रिक नव्हती. "माझे फोटो ऑफिसला दिसणार का?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. विक्रीतले एक ज्येष्ठ सहकारी तर म्हणाले, "साहेब, मेल नको, पण फोन माझा राहू द्या." मी पडद्यावर इंट्यूनमधली माझ्याच फोनची नोंद उघडून दाखवली. मॉडेल, आवृत्ती, अनुपालनाची स्थिती एवढेच त्यात होते. अँड्रॉइडवर कामाचे वेगळे प्रोफाइल तयार होते, त्याच्या बाहेरची ॲप, फोटो आणि कॉल कंपनीला दिसत नाहीत, आणि माणूस नोकरी सोडून गेला तर केवळ ते प्रोफाइल पुसले जाते. हे लेखी परिपत्रक म्हणून मनुष्यबळ विभागाच्या सहीने काढले. ज्यांना तरीही नको होते त्यांना फोनवर मेल न ठेवण्याची मोकळीक दिली. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तीच निवडली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पायलट गटासाठी दोन्ही नियम चालू केले. नियम चालू करताच सगळे एकदम थांबत नाही. हातात असलेले टोकन संपेपर्यंत जुनी सत्रे चालू राहतात, त्यामुळे पहिला फोन तासाभराने आला आणि काही दुसऱ्या दिवशी आले. पहिल्या तासातल्या शांततेवरून निष्कर्ष काढू नये.

पायलटमधून सर्वांत मोलाचे काय मिळाले, तर अडलेल्या साइन-इनचे निदान. माणूस सांगतो, "मेल उघडत नाही", आणि पडद्यावर बहुधा `53000` असते, म्हणजे उपकरण कम्प्लायंट नाही. पण या एका क्रमांकामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. नोंदवहीत त्या साइन-इनचे 'Device info' पान उघडावे. तेथे उपकरणाचा आयडी आहे आणि 'Compliant' समोर 'No' आहे, तर उपकरणात खरोखर काही कमी आहे आणि ते काय, हे इंट्यून सांगेल. आयडीच रिकामा असेल, तर उपकरणाने आपली ओळखच दिलेली नाही. ते पूर्णपणे नियमात असेल, पण साइन-इन ज्या प्रोग्राममधून झाले त्याने ओळख पुढे पोहोचवली नाही. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातली बहुतांश अडवणूक या दुसऱ्या प्रकारची होती.

खरेदी विभागातल्या गृहस्थांचे उदाहरण घेतो. त्यांचा संगणक एंट्राला जोडलेला, बिटलॉकर लागलेले, इंट्यूनमध्ये हिरवी खूण, आणि तरीही क्रोममध्ये मेल अडले. एजमध्ये तेच मेल लगेच उघडले. नोंदवहीत क्रोमच्या साइन-इनसमोर आयडी रिकामा होता. संगणकाची एंट्राशी जोडणी दाखवणारी `dsregcmd /status` ही आज्ञा चालवली, तर `AzureAdJoined : YES` आणि `AzureAdPrt : YES` असे दोन्ही ठीक होते, म्हणजे विंडोजची बाजू भक्कम होती. विंडोजवर क्रोम ही ओळख आपणहून पाठवत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे सिंगल साइन-ऑन एक्स्टेन्शन लागते किंवा क्रोम १११ पासून पुढे `CloudAPAuthEnabled` ही मांडणी चालू करावी लागते. ती इंट्यूनमधून सर्व संगणकांना लावली आणि प्रश्न मिटला. हेच गृहस्थ कधीकधी इन्कॉग्निटो खिडकीत मेल उघडत, आणि तेथे मात्र ओळख पोहोचत नाही, म्हणून ती सवय सोडावी लागली. फायरफॉक्समध्ये विंडोज साइन-ऑनची वेगळी खूण करावी लागते, पण आम्ही फायरफॉक्स मेलसाठी वापरूच नये असे ठरवले.

पहिल्या प्रकारात, म्हणजे आयडी आहे पण 'No' आहे, यात बिटलॉकर सर्वांत वर होता. लेखा विभागातल्या मॅडमच्या संगणकावर डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट झालेली दिसत होती, पण इंट्यून दोन दिवस नकारच देत होते. 'Require BitLocker' ही अट संगणक सुरू होताना मोजली जाते आणि त्या मॅडम रोज संध्याकाळी 'Shut down' करत, ज्यात विंडोजची जलद सुरुवात चालू असेल तर पूर्ण नवी सुरुवात होत नाही. एकदा 'Restart' केले, कंपनी पोर्टलमधून सिंक केले, आणि थोड्या वेळाने स्थिती बदलली. तेव्हापासून बिटलॉकर लावल्यानंतर रीस्टार्ट करणे हे आमच्या कार्यपद्धतीच्या कागदावर लिहिलेले पाऊल आहे. शिवाय अट तुटताच उपकरण लगेच बाद होऊ नये म्हणून तीन दिवसांची सवलत ठेवली, म्हणजे सोमवारी सकाळी अँटिव्हायरस जुना दिसला तरी माणसाचे काम थांबत नाही.

ऑक्टोबरमध्ये विभागवार विस्तार सुरू केला. त्या महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपत होता, म्हणून किमान आवृत्तीची अट त्या तारखेनंतर विंडोज ११ वर नेली आणि जे संगणक ११ घेऊ शकत नव्हते ते बदलण्याच्या यादीत टाकले. पहिला नियम, जुने प्रोटोकॉल अडवणारा, महिन्याच्या सुरुवातीलाच सर्वांना लावला, कारण नोंदवहीत हजेरीयंत्राशिवाय यशस्वी असे काहीही उरले नव्हते, आणि त्या एका खात्याला नावानिशी वगळले होते. दुसऱ्या नियमासाठी पायलट गटातच एकेक विभाग घालत गेलो. नियमाला हात न लावता गटाची सदस्यता बदलली की एखादा विभाग अडला तर त्याला गटातून काढणे सोपे जाते, पण ते काढणेही लगेच लागू होत नाही, थोडा वेळ धरावा लागतो.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यास, दुसरा नियमही सर्वांना लागला. ग्राहकाची प्रश्नावली पुन्हा भरताना दुसऱ्या प्रश्नाला 'होय' लिहिले आणि पहिल्याला 'होय, एका नोंदवलेल्या अपवादासह' असे लिहून हजेरीयंत्राचा उल्लेख केला. ते त्यांनी मान्य केले, मात्र अपवाद संपण्याची तारीख मागितली. नव्या हजेरीयंत्राची मागणी सध्या खरेदी विभागात आहे.